क्रीडादिनासाठी शाळेचं मैदान मागायचंय, पत्रात माणसं किती लिहू?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. आमच्या जुळे सोलापुरातल्या सहा सोसायट्यांनी मिळून पोरांचा क्रीडादिन घ्यायचं ठरवलंय, १ फेब्रुवारी, रविवार सकाळी. सोसायटीत जागा नाही, म्हणून जवळच्या शाळेचं मैदान मागायचंय. परवा मुख्याध्यापकांना भेटून आलो, माणूस चांगला आहे, बसवून चहा दिला, पण म्हणाले "तोंडी नको, पत्र द्या, किती माणसं येणार आणि व्यवस्था काय काय करणार ते स्पष्ट लिहा, मग बघू." रात्री बसून हे लिहिलं :

"विषय : क्रीडांगण मिळणेबाबत.
महोदय, आमच्या परिसरातील मुलांसाठी क्रीडादिन आयोजित करीत आहोत. तरी दि. १ फेब्रुवारी रोजी आपले क्रीडांगण उपलब्ध करून द्यावे ही नम्र विनंती. अंदाजे १५० ते २०० लोक उपस्थित राहतील. सर्व व्यवस्था आम्ही स्वतः करू. मैदानाचे कोणतेही नुकसान होणार नाही याची हमी देतो."

आता खरी गोष्ट अशी की १६२ पोरांची नावं आधीच आलीत. आमचे सेक्रेटरी काका म्हणतात आकडा कमीच लिही, जास्त लिहिला तर घाबरून नाही म्हणतील. मला ते पटत नाही, पण त्यांचंही अगदी चूक वाटत नाही. कुणी असं पत्र दिलंय का आधी?

कडक_भाकरी
काका बरोबर आहेत. आम्ही गणपतीत दोनशे लिहिले, सातशे आले, कुणी मोजायला येत नाही.

शेंगाचटणी
माझी मुलगी यंदा दहावीला आहे, पत्रलेखनात हेच येतं. आधी दिनांक, मग प्रति, विषय, मजकूर, आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता शेवटी ईमेलसकट. तुम्ही दिनांकच लिहिला नाही, मार्क जातील. आणि मागणीपत्र घ्यायचं की विनंतीपत्र ते प्रश्नात बघून ठरवा, मुलं तिथंच चुकतात.

होटगीरोडकर
ताई, परीक्षेसाठी नाही ओ, खरंच मैदान पाहिजे आम्हाला :) दिनांक घालतो पण.

शेंगाचटणी
अगोबाई, मी विषय वाचला आणि तशीच लिहीत सुटले. माझ्या डोक्यात सध्या फक्त दहावी. पोरांना शुभेच्छा!

जुन्या_बाई
मी एकतीस वर्षं शाळेत होते, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका. अशी पत्रं दर हिवाळ्यात टेबलावर यायची आणि प्रत्येकात हेच एक वाक्य, "सर्व व्यवस्था आम्ही करू". त्या वाक्यावर मी कधीच मैदान दिलं नाही. कारण सांगते. रविवारी तुमचा कार्यक्रम होतो, तुम्ही घरी जाता, आणि सोमवारी सकाळी साडेसातला माझी नऊशे पोरं येतात. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. शाळेची टाकी एकदा भरली की ती पुढच्या पाळीपर्यंत पुरवायची असते. एका रविवारी मंडळाच्या लोकांनी हात-पाय धुवून, मैदानावर मारून ती टाकी रिकामी केली आणि सोमवारी मुलींच्या संडासात टिपूस पाणी नव्हतं. दहा वाजता मला मोठ्या मुलींना घरी सोडावं लागलं. त्या मंडळाच्या पत्रात शंभर माणसं लिहिली होती, आली साडेतीनशे.

म्हणून सांगते, मुख्याध्यापक आकड्याला घाबरत नाही. तो आकडा बघून पाणी, संडास, फाटक आणि सोमवारची सकाळ असा हिशेब मनात करतो. कमी आकडा लिहिला तर हिशेब चुकतो, आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव ऐकलं की फाटकाला कुलूप.

आणि "अंदाजे १५० ते २०० लोक" हे नका लिहू. मुलं वेगळी, मोठी माणसं वेगळी, कार्यकर्ते वेगळे. सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी मैदानावर जास्तीत जास्त किती. दिवसभरात पाचशे येऊन गेले तरी एका वेळी अडीचशे असतील तर शाळा ते झेपवू शकते. तुमच्या १६२ मुलांची वयं सांगा.

होटगीरोडकर
बाई, खूप धन्यवाद. यादी काढली. पाच ते नऊ वर्षांची ९४ आहेत, दहा ते पंधराची ६८. कार्यकर्ते आम्ही २५ जण.

जुन्या_बाई
लहानांच्या मागं आई-वडील दोघं येतात, शिवाय आजी. प्रत्येकी दोन धरा, १८८. मोठ्या पोरांना आईबाप आलेले आवडत नाहीत, तिथं साधारण ६० धरा. म्हणजे एकूण ४३५ च्या आसपास. सगळे एकदम बोलावले तर ४३५ एकदम. लहानांना साडेसात ते साडेनऊ आणि मोठ्यांना दहा ते साडेअकरा बोलावलं, तर पहिल्या सत्रात ९४, १८८ आणि तुमचे २५ मिळून ३०७ होतात, दुसऱ्यात दीडशे. पत्रात "एका वेळी जास्तीत जास्त ३१०" लिहा. पण हे खरं ठरायचं असेल तर लहानांची बक्षिसं त्यांचं सत्र संपताच द्यायची. शेवटी एकत्र बक्षीस समारंभ ठेवला की सगळी माणसं तिथंच बसून राहतात आणि तुमचा ३१० चा आकडा पत्रातच राहतो.

चार_हुतात्मा_चौक
साडेअकराला संपवा हे एकदम बरोबर. फेब्रुवारी असला तरी बाराच्या पुढं आपल्या सोलापुरातलं ऊन पोरांना सोसत नाही.

कडक_भाकरी
बाई, एवढा हिशेब कोण करतंय? मुख्याध्यापक सही करतात बघून न बघून.

जुन्या_बाई
काही करतात तसं. मी करत नव्हते, आणि यांचे मुख्याध्यापक स्वतःच "किती माणसं, काय व्यवस्था" विचारतात म्हणजे तेही करत नसणार.

पीटी_सर
मी शाळेत पीटीला आहे, थोडं मैदानाचं बोलतो. पत्र लिहायच्या आधी टेप घेऊन जा आणि मैदान मोजा. सगळे पत्रात "१०० मीटर धावणे" लिहून मोकळे होतात. १०० मीटर पळायला १०० मीटरचं मैदान पुरत नाही, कारण पोरगं रेषेवर थांबत नाही, वेगात पुढं जातं. शेवटच्या रेषेच्या पुढं निदान १५ मीटर मोकळी जागा पाहिजे. माझ्यासमोर एका पोरानं रेषा ओलांडून सरळ कंपाउंडच्या भिंतीवर हात दिला होता, मनगट गेलं. तेव्हापासून मी भिंतीकडं तोंड करून शर्यत लावतच नाही.

होटगीरोडकर
सर, आज संध्याकाळी मोजून आलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ७८ मीटर, रुंदी ४६. म्हणजे आमची १०० मीटर गेली का?

पीटी_सर
गेली. ५० मीटर ठेवा, सुरुवातीला मागं थोडी जागा, शेवटी वीसेक मीटर मोकळी, आरामात बसतं. मोठ्यांसाठी तिथल्या तिथं जाऊन-येऊन रिले घ्या. खो-खोचं मैदान २७ बाय १६ लागतं, तेही बसेल पण शर्यती संपल्यावर, एकाच वेळी नको, नाहीतर पळणारी पोरं खो-खोच्या खांबावर जातील. पत्रात खेळांची नावं लिहा, मुख्याध्यापक ते पत्र माझ्यासारख्या पीटीवाल्याकडं पाठवतो आणि तो पहिलं हेच बघतो. गोळाफेक, भालाफेक असलं काही लिहू नका, लगेच नकार.

अजून एक, रेषा आखायला फक्की वापरा, साधी पांढरी पावडर मिळते ती. स्वस्त पडतो म्हणून कळीचा चुना आणून मारू नका, पोरं पडली की डोळ्यात जातो, जळतं.

विडीघरकुल
आम्ही पूर्व भागात दरवर्षी घेतो. पाणी मारणं विसरू नका, मुरमाच्या मैदानावर तीनशे माणसं चालली की धुरळा असा उठतो की समोरचं दिसत नाही. पण पाणी शनिवारी संध्याकाळी मारा. आम्ही एकदा रविवारी पहाटे मारलं, वरचा थर चिखल झाला, पहिल्याच शर्यतीत चार पोरं घसरली. आणि मैदानात काळी माती असेल तर अजून अवघड, बुटाला किलोभर चिकटते.

होटगीरोडकर
मुरूमच आहे. टँकर पाच हजार लिटरचा सांगावा म्हणतोय.

जुन्या_बाई
पुरेल. निम्मा मैदानावर जाईल. संडासाचं बघा : ४३५ मधली निम्मी माणसं जातील, प्रत्येकी पाच लिटर धरले तर अकराशे लिटर. हजार लिटरच्या दोन टाक्या भाड्यानं आणून संडासाजवळ ठेवा, उरलेला टँकर त्यात ओता, बादल्या-मग तुमचे. पिण्याला वीस लिटरचे २५ जार घ्या, ऊन वाढलं तर अजून पाच सांगता येतील असा माणूस बघा. आणि पत्रात सरळ लिहा की शाळेच्या टाकीचं पाणी वापरणार नाही. मला एखाद्या पत्रात हे एक वाक्य दिसलं असतं ना, मी उठून सही केली असती.

कडक_भाकरी
बरं हे मानलं. माइकची परवानगी मात्र लागत नाही हां, ती फक्त रात्री दहाच्या पुढं लागते. दिवसा बिनधास्त लावा.

चार_हुतात्मा_चौक
उलटं सांगितलंत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंदच आहे. दिवसा लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी लागते, स्टेशनात अर्ज द्यायचा. त्यात शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटर भाग शांतता क्षेत्रात धरतात.

कडक_भाकरी
पण रविवारी शाळा बंद असते की, मग कसली शांतता?

चार_हुतात्मा_चौक
त्यावर आमच्याकडंही वाद झाला होता. एका साहेबांनी दिली, पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी नाही दिली. मैदानाच्या मागं दवाखाना असेल तर विचारूच नका.

होटगीरोडकर
मागच्या गल्लीत प्रसूतीचं हॉस्पिटल आहे...

पीटी_सर
मग माइक सोडा. शिट्टी आणि हातातला भोंगा यावर ३०० माणसं सांभाळता येतात, मी रोज सांभाळतो.

गड्डा_यात्रेकरू
विषयाला धरून नाही पण तारीख बरी निवडलीत. गड्ड्याच्या दिवसांत घेतला असता तर पोरं पाळण्यात आणि तुम्ही मैदानात :)
एक विचारतो, बहिणीच्या रिसेप्शनला शाळेचं मैदान मिळतं का? हेच पत्र चालेल का नाव बदलून?

जुन्या_बाई
लग्नकार्याला बहुतेक शाळा देत नाहीत, आणि द्यायचं तर ते संस्था ठरवते. त्यावरून आठवलं होटगीरोडकर, ही शाळा कुणाची? खासगी संस्थेची असेल तर पत्र मुख्याध्यापकांच्या नावे आणि प्रत संस्थेच्या सचिवांना. मैदान संस्थेचं असतं, मुख्याध्यापक शिफारस करतात. महापालिकेची असेल तर वाट वेगळी, तिथं महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं जावं लागतं आणि दिवस जास्त लागतात.

होटगीरोडकर
संस्थेची आहे बाई, अनुदानित.

जुन्या_बाई
मग दोन प्रती घेऊन जा, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. नाहीतर दहा दिवसांनी क्लार्क म्हणतो पत्रच आलं नाही. आणि तारखेचं आधी विचारून घ्या. फेब्रुवारीत बारावी सुरू होते, शिष्यवृत्तीची परीक्षाही साधारण त्याच महिन्यातल्या रविवारी असते. शाळा केंद्र असेल तर १ तारीख मिळेलही, पण पर्यायी तारीख पत्रातच द्या. जानेवारीतली द्या, २६ जानेवारीच्या आधीची देऊ नका, तेव्हा कवायतीची तालीम चालू असते.

विडीघरकुल
मग जानेवारीत रविवार उरला कुठं ओ बाई? २५ ला तर दुसऱ्या दिवशी झेंडावंदन.

जुन्या_बाई
हे बरोबर पकडलंत, जानेवारीत नाही उरत. मग ३१ जानेवारीचा शनिवार, शाळा सुटल्यावर दुपारी चारनंतर, एकच सत्र. नाहीतर सरळ परीक्षा संपल्यावर.

मंडप_डेकोरेशन
मी याच धंद्यात आहे. मांडवाचं लिहिलं का? लहान पोरं, म्हातारी माणसं उन्हात बसणार नाहीत.

होटगीरोडकर
एका बाजूला ३० फूट कापडी छत टाकायचा विचार आहे.

जुन्या_बाई
खड्डे खणून नाही ना? आमच्या मैदानात मांडववाल्यांनी बांबू काढले आणि खड्डे तसेच ठेवले, वरून पालापाचोळा बसला. सोमवारी प्रार्थनेला रांग लागताना सातवीतल्या मुलीचा पाय त्यात गेला, घोट्याला प्लास्टर, दीड महिना. तिची आई मला येऊन एकच म्हणाली, "बाई, शाळेत पाठवली होती मी." मी आजपण ते वाक्य विसरलेली नाही. दुसऱ्यांना मैदान मी दिलं होतं.

मंडप_डेकोरेशन
बाई, आमच्यातले काही करतात असं, खरं आहे. खड्डा न खणता होतं. पत्र्याच्या डब्यात वाळू-खडी भरून त्यात बांबू उभा करायचा आणि दोरी बाहेर कंपाउंडच्या खांबाला किंवा वाळूच्या पोत्याला ताणायची. ३० फुटाला आठ-दहा डबे लागतात. वारा जोरात असेल तर कापड उतरवायचं, हट्ट करायचा नाही. पत्रात "जमिनीत खड्डे खणणार नाही" असं लिहून टाका.

शिपाईगडी
मी एका शाळेत शिपाई आहे. सगळे पाणी, मांडव बोलालाव, पण रविवारी पहाटे सहाला फाटक कोण उघडणार ते कुणी लिहीत नाही. माझी सुट्टी जाते. कार्यक्रम संपला की लोक निघून जातात, प्लेटा, कागद मीच गोळा करतो दुपारी तीनपर्यंत. पत्रात चावी किती वाजता घेणार, किती वाजता देणार आणि झाडून देणार कोण ते लिहा. बास.

होटगीरोडकर
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. तुमचं मानधन कसं द्यावं? हातात दिलं तर चालतं का?

शिपाईगडी
हातात दिलेलं बरं.

जुन्या_बाई
माझं मत वेगळं, शाळेत भरून पावती घ्यावी आणि शाळेनं त्यांना द्यावं. हातात दिलं की उद्या कुणीतरी बोट दाखवतं.

शिपाईगडी
बाई, तुमच्यासारख्या असतील तर मिळतं. शाळेत भरलेलं आमच्यापर्यंत नेहमी येत नाही.

विडीघरकुल
दोघांचंही खरं आहे. आम्ही मुख्याध्यापकांसमोर हातात देतो.

होटगीरोडकर
सगळ्यांचं वाचून काल पत्र नव्याने लिहिलं. नावं काढून टाकतो.

"दिनांक : ______
प्रति, मा. मुख्याध्यापक, ______
प्रत : मा. सचिव, ______ संस्था
विषय : मुलांच्या क्रीडादिनासाठी रविवार, दि. १ फेब्रुवारी रोजी स. ६.०० ते दु. १.०० क्रीडांगण मिळणेबाबत.

महोदय,
आपल्या शाळेजवळील सहा सोसायट्यांतील ५ ते १५ वयोगटातील १६२ मुलांसाठी क्रीडादिन घेण्याचे योजिले आहे. त्यासाठी आपले क्रीडांगण मिळावे ही विनंती.

स. ७.३० ते ९.३० लहान गट (९४ मुले, सुमारे १८८ पालक) व स. १०.०० ते ११.३० मोठा गट (६८ मुले, सुमारे ६० पालक) अशी दोन सत्रे राहतील. कार्यकर्ते २५. दिवसभरात एकूण सुमारे ४३५ व एका वेळी जास्तीत जास्त ३१० व्यक्ती मैदानावर असतील. लहान गटाची बक्षिसे त्यांच्या सत्राच्या शेवटीच दिली जातील. ५० मीटर धावणे, रिले, पोत्यातील शर्यत, लिंबू-चमचा व शेवटी खो-खो एवढेच खेळ होतील.

शाळेच्या टाकीतील पाणी वापरले जाणार नाही. पिण्यासाठी २० लिटरचे २५ जार, मैदान व स्वच्छतागृहासाठी टँकर व दोन टाक्या आम्ही आणू. तळमजल्यावरील मुला-मुलींची स्वच्छतागृहे उघडून मिळावीत, त्यांची सफाई आमचा माणूस दर तासाला व शेवटी करील. वर्गखोल्यांची आवश्यकता नाही. मंडपासाठी खड्डे खणणार नाही. ध्वनिक्षेपक लावणार नाही, हातातील भोंगा वापरू. वाहने आवारात आणणार नाही, फाटकासमोरील जागा मोकळी ठेवू. प्रथमोपचार पेटी, बर्फ व आमच्यातील एक डॉक्टर दोन्ही सत्रांत हजर राहतील, एक चारचाकी तयार असेल.

शनिवारी सायं. ५ वाजता पाणी मारणे व आखणीसाठी प्रवेश मिळावा. रविवारी स. ६ वाजता चावी घेऊन दु. १ वाजता मैदान झाडून, आपल्या प्रतिनिधीला दाखवून परत करू. १ फेब्रुवारी सोयीची नसल्यास शनिवार, दि. ३१ जानेवारी दु. ४ नंतर एकाच सत्रात कार्यक्रम घेऊ, त्या वेळची उपस्थिती वेगळी कळवू. जबाबदार व्यक्ती दोन, नावे व मोबाईल खाली दिले आहेत.
आपले विश्वासू"

पीटी_सर
छान. कुणी आजारी पडलं तर १०८ ला फोन कोण करणार तेही कार्यकर्त्यांत ठरवा, पत्रात नको.

जुन्या_बाई
एक पान भरलंय, वाढवू नका आता. कोपऱ्यात मैदानाचा हाताने काढलेला नकाशा जोडा : फाटक, छत, टाक्या, धावायची दिशा.

होटगीरोडकर
देऊन आलो, आवक शिक्का घेतला. मुख्याध्यापकांनी पूर्ण वाचलं, बोट ठेवून ठेवून. पाण्याच्या ओळीशी थांबले आणि म्हणाले, "टँकर फाटकातून आत कसा येणार? फाटक नऊ फुटाचं आहे आणि आत वळायला झाड आहे." हे मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. टँकर बाहेर लावून पाइप ओढायचा ठरलंय, ६० फूट पाइप लागेल. १ तारखेला परीक्षेचं काही नाही म्हणाले. अनामत पाच हजार मागितली, परत मिळणार आहे. संस्थेची सही गुरुवारी. शिपाईदादांचं मानधन मात्र अजून ठरलं नाही, सेक्रेटरी काका पावतीवर अडलेत.

मंडप_डेकोरेशन
पाइप माझ्याकडं आहे, शंभर फुटी. शनिवारी चारला पाठवतो, सोमवारी परत द्या.

शिपाईगडी
पाइप फाटकाच्या खालून काढा, वरून टाकलात तर फाटक लागत नाही आणि रात्रभर कुत्री आत येतात.